ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन : घंटा एकच, ऐकणारे वेगवेगळे (लाल विंचवाच्या उदाहरणासह)



संप्रेरकांचा पाठ घेताना ॲड्रेनॅलिनबद्दल आपण मुलांना एक वाक्य हमखास सांगतो, "भीती वाटली की हे संप्रेरक सुटतं आणि शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं." वाक्य बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबलो तर पुढचे प्रश्न अडतात. एकच पदार्थ रक्तात मिसळतो, तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. मग कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि पायाच्या स्नायूंतल्या सैलावतात, हे कसं? हृदय जोरात धावतं आणि श्वासनळ्यांचे स्नायू मात्र ढिले पडतात, हे कसं? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असा की मधमाशीच्या ॲलर्जीत जे ॲड्रेनॅलिन टोचून मुलाचा जीव वाचवतात, त्याच जातीचे पदार्थ लाल विंचू चावल्यावर मुलाच्या जिवावर का उठतात?

या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, ते म्हणजे ग्राही. इंग्रजीतून आलेला शब्द रिसेप्टर. आजचा लेख तेवढ्यावरच आहे. उदाहरण आपल्या कोकणातलं घेतलंय, कारण या विषयावरचं जगभर वाचलं गेलेलं काम रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळ झालं आहे.

ग्रंथी कुठे असते आणि काय सोडते?

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. पाठ्यपुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, बोलताना ॲड्रिनल. मोठ्या माणसात एकेका ग्रंथीचं वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एका चमचा साखरेएवढं. ती आडवी कापली तर दोन भाग दिसतात. बाहेरची जाड साल आणि आतला गाभा. आपला विषय गाभ्याचा आहे.

हा गाभा म्हणजे खरं तर मज्जासंस्थेचाच एक तुकडा. मेंदूकडून निघालेली मज्जातंतूची वायर थेट इथे येते आणि संदेश आला की गाभ्यातल्या पेशी आपला साठा रक्तात सोडतात. माणसात या साठ्याचा साधारण ८० टक्के भाग ॲड्रेनॅलिन असतो आणि उरलेला बहुतेक नॉरॲड्रेनॅलिन. दोन्ही पदार्थ टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून टप्प्याटप्प्याने बनतात. आधी नॉरॲड्रेनॅलिन तयार होतं आणि शेवटच्या पायरीवर त्याचं ॲड्रेनॅलिन होतं. ही शेवटची पायरी चालू ठेवायला बाहेरच्या सालीतून येणारं कॉर्टिसॉल लागतं. म्हणजे साल आणि गाभा यांचं शेजारी असणं उगीच नाही.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवू. रक्तातलं ॲड्रेनॅलिन जवळजवळ सगळं या गाभ्यातून येतं. नॉरॲड्रेनॅलिन मात्र मुख्यतः शरीरभर पसरलेल्या अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांतून येतं. तिथे ते थेट रक्तवाहिनीच्या किंवा हृदयाच्या पेशीवर सोडलं जातं आणि त्यातलं थोडंसं रक्तात झिरपतं. गाभ्यातून सुटलेलं ॲड्रेनॅलिन रक्तात फार टिकत नाही. दोन-तीन मिनिटांत त्यातलं निम्मं संपतं. म्हणून कुत्रा भुंकून निघून गेला की आपली धडधड थोड्या वेळात शांत होते.

घंटेचं उदाहरण

दुपारी शाळेत खिचडीची घंटा होते. घंटा एकच, आवाज एकच. पण पहिलीची मुलं ताटल्या घेऊन पळतात, स्वयंपाकाच्या ताई डाव हातात घेतात, पाचवीचे बाई-गुरुजी फळ्यावरचं वाक्य अर्धं सोडून वही मिटतात आणि शिपाईमामा फाटक लावून घेतात. घंटेत "फाटक लावा" असं काही लिहिलेलं नसतं. ऐकणाऱ्याला आपलं काम माहीत असतं.

ॲड्रेनॅलिनचं तसंच आहे. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर प्रथिनाचे ग्राही बसलेले असतात. संप्रेरक ग्राहीला चिकटलं की पेशीच्या आत ठरलेलं काम सुरू होतं. काय काम होणार हे संप्रेरक ठरवत नाही. कुठल्या पेशीवर कुठला ग्राही आहे यावर ते ठरतं. आपल्याला चार ग्राही पुरेत.

अल्फा-१ हे कातडी, आतडी आणि मूत्रपिंडं यांच्या रक्तवाहिन्यांवर भरपूर असतात. यांच्यावर संदेश आला की वाहिनी आवळते.

बीटा-१ मुख्यतः हृदयावर असतात. संदेश आला की ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोका जास्त जोराचा होतो.

बीटा-२ हे हातापायांच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या आणि श्वासनळ्या यांच्यावर असतात. इथे संदेश आला की वाहिनी किंवा नळी सैल होते, रुंदावते.

अल्फा-२ हा थोडा वेगळा गडी. तो बऱ्याचदा मज्जातंतूच्या टोकावरच बसलेला असतो. बाहेर नॉरॲड्रेनॅलिन जास्त झालं की तो त्याच टोकाला सांगतो, "पुरे, आता सोडू नकोस." म्हणजे हा ब्रेक आहे. या ब्रेकची पुढे गरज पडणार आहे, लक्षात असू द्या.

दोन भावंडांत फरक काय?

ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन दिसायला अगदी सारखे रेणू. फरक एका छोट्या गटाचा. पण तेवढ्याने ग्राहींवरची पकड बदलते. नॉरॲड्रेनॅलिन अल्फा आणि बीटा-१ वर जोरात काम करतं, बीटा-२ वर फारच कमी. ॲड्रेनॅलिन चारही ठिकाणी चालतं आणि थोड्या प्रमाणात असताना बीटा-२ वर त्याचा परिणाम आधी उठून दिसतो.

याचा परिणाम रक्तदाबाच्या दोन आकड्यांत चक्क दिसतो. वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब, तो हृदयाच्या जोरावर बराच अवलंबून असतो. खालचा आकडा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधला दाब. वाहिन्या किती आवळलेल्या आहेत हे तो सांगतो.

निरोगी माणसाच्या शिरेतून अगदी हळूहळू नॉरॲड्रेनॅलिन सोडलं तर शरीरभरच्या वाहिन्या आवळतात आणि दोन्ही आकडे वर जातात. आता गंमत बघा, हृदयाचे ठोके मात्र कमी होतात. बीटा-१ वर ते काम करत असूनही कमी होतात. कारण मानेतल्या मोठ्या धमनीत दाब मोजणारी यंत्रणा असते. दाब वाढला हे कळताच ती मेंदूमार्फत हृदयाला "हळू" असा निरोप धाडते आणि तो निरोप वरचढ ठरतो.

तसंच हळूहळू ॲड्रेनॅलिन सोडलं तर ठोके वाढतात आणि वरचा आकडाही वाढतो, पण खालचा आकडा उतरतो. कारण शरीरात स्नायूंचा पसारा सगळ्यात मोठा. तिथल्या वाहिन्या बीटा-२ मुळे सैल झाल्या की कातडीतल्या वाहिन्या आवळूनही एकूण अडथळा कमी होतो.

पण ॲड्रेनॅलिनचं प्रमाण खूप वाढलं की चित्र पालटतं. मग अल्फाचा आवळ बीटा-२ च्या सैलपणाला पुरून उरतो आणि खालचा आकडाही वर चढतो. म्हणजे पदार्थ कोणता एवढंच विचारून चालत नाही. किती आणि कुठल्या ग्राहीवर, हेही विचारावं लागतं.

साखरेचं काय होतं?

पळायचं तर इंधन हवं. ॲड्रेनॅलिन यकृतातल्या ग्लायकोजेनच्या साठ्यातून साखर मोकळी करून रक्तात सोडायला लावतं. चरबीच्या पेशींना चरबी फोडून स्निग्धाम्लं रक्तात सोडायला लावतं. स्नायूंतलं ग्लायकोजेनही फुटतं, पण स्नायू ती साखर रक्तात देऊ शकत नाहीत. ते स्वतःच वापरतात आणि उरलेलं लॅक्टेट यकृताकडे जातं. यकृत त्याची पुन्हा साखर करतं.

याच वेळी स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर अल्फा-२ ग्राही ब्रेक लावतात. इन्शुलिन कमी झालं की रक्तातली साखर पेशींत कमी जाते आणि रक्तात राहते. घाबरण्याची वेळ पाच मिनिटांची असेल तर ही सोय उत्तम. तासन्‌तास चालली तर तीच अडचण होते. आता विंचवाकडे येऊ.

लाल विंचू : सगळ्या घंटा एकदम

कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा इथे घराच्या कौलांत, दगडांखाली, भाताच्या पेंढ्यात आणि सरपणात लाल विंचू सापडतो. अंगाने लहान, रंग तांबूस. मोठा काळा विंचू बघून आपण जास्त घाबरतो, पण जिवाला धोका मुख्यतः या लाल विंचवाचा.

त्याच्या विषातला एक घटक मज्जातंतूवरच्या सोडियमच्या दारांना बंदच होऊ देत नाही. दार उघडं राहिलं की मज्जातंतू पुन्हा पुन्हा संदेश पाठवत राहतो. मग अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन आणि अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून ॲड्रेनॅलिन भसाभस सुटतं. शिपाईमामांचा हात घंटेच्या दोरीला चिकटावा आणि घंटा थांबूच नये, तशी ही गत.

समजा, सहा वर्षांचं, वीस किलो वजनाचं मूल आहे. उन्हाळ्याची रात्र, साडेआठ वाजलेत. अंगणात सरपणाशी खेळताना पायाच्या बोटाला काहीतरी टोचलं. लाल विंचू दिसला. मूल थोडं रडलं आणि गप्प झालं. घरच्यांना वाटलं, फार दुखत नाही म्हणजे बरं आहे. इथेच फसगत होते. दंशाच्या जागी असह्य कळा येणारे बरेच रुग्ण फक्त वेदनेवर निभावतात आणि ज्यांच्या अंगात विष पसरलंय त्यांना जागेवर तितकं दुखत नाही असंही घडतं. वेदनेवरून धोका मोजू नये.

नऊच्या सुमारास मुलाला उलट्या सुरू झाल्या, लाळ गळू लागली आणि घामाने अंग भिजलं. हा पहिला टप्पा. यात शरीरातल्या दुसऱ्या एका रसायनाचा, ॲसिटिलकोलिनचा, जोर असतो. घामाच्या ग्रंथींनाही अनुकंपी मज्जातंतूच चेतवतात, पण तिथे निरोप पोहोचवणारं रसायन ॲसिटिलकोलिन असतं. मुलग्यांमध्ये लिंग ताठरणं हेही याच वेळचं लक्षण आहे. लाजेपोटी ते डॉक्टरांपासून लपवू नये.

साडेनऊला मुलाचे हातपाय बर्फासारखे गार पडलेले आहेत. बाहेर उकाडा, अंगाला घाम आणि तळहात-तळपाय गार. हा झाला अल्फा-१ चा आवळ, जो आपण हाताने तपासू शकतो. नाडी भराभर चालतेय, हा बीटा-१. रक्तदाब वर गेलेला आहे. रक्त तपासलं तर साखर वाढलेली सापडेल, कारण यकृत साखर सोडतंय आणि इन्शुलिनला ब्रेक लागलाय.

पुढे काय होतं ते पायरीपायरीने बघू. वाहिन्या आवळल्या, म्हणजे हृदयाला बंद होत आलेल्या नळ्यांत रक्त रेटायचंय. त्याच वेळी बीटा-१ त्याला चाबूक मारतंय, म्हणजे त्याची स्वतःची प्राणवायूची गरज वाढलीय. शिवाय इतक्या प्रमाणातल्या या रसायनांनी हृदयाच्या स्नायूला थेट इजाही होते. काही तासांत डावा कप्पा थकतो. पुढे न गेलेलं रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं, त्यातलं पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपतं. मूल खोकू लागतं, झोपवलं की घुसमटतं आणि शेवटी तोंडातून गुलाबीसर फेस येतो. विंचवाने मूल दगावतं ते बहुतेक वेळा असं, हृदय आणि फुप्फुस हरल्यामुळे.

घंटा बंद होत नसेल तर काय करायचं?

१९७६ पासून डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. विंचवाचे रुग्ण त्यांनी रात्ररात्र शेजारी बसून पाहिले आणि कुठलं लक्षण कधी येतं याच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून ध्यानात आलं की मारक गोष्ट म्हणजे आवळलेल्या वाहिन्या आणि त्यापुढे थकणारं हृदय. तेव्हा विषावरचा उतारा हाताशी नव्हता. घंटा थांबवता येत नव्हती. मग त्यांनी ऐकणाऱ्याचा कान झाकला.

प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी अल्फा-१ ग्राहीवर जाऊन बसते आणि ती जागा अडवते. रक्तात ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिन कितीही असलं तरी त्याला बसायला ती जागा मिळत नाही. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो, गार हातपाय हळूहळू कोमट होतात. या उपचाराबद्दलचा त्यांचा लेख १९८६ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी शेकडा पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण पुढे शेकडा दोन-तीनपर्यंत खाली आलं. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या युक्तीमागचं तत्त्व मात्र जुनं आहे. १९०६ साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी प्राण्यांना अरगट या बुरशीचा अर्क दिला आणि मग ॲड्रेनॅलिन टोचलं. एरवी ज्याने रक्तदाब वाढायचा, त्यानेच आता तो उतरला. आज आपण सांगू शकतो की अर्काने अल्फा ग्राही अडवले आणि उघड्या राहिलेल्या बीटा-२ ने वाहिन्या सैल केल्या. ग्राहींना अल्फा आणि बीटा ही नावं मात्र १९४८ साली अमेरिकेत रेमंड आल्क्विस्ट यांनी दिली. डेल यांच्या प्रयोगाची उकल अशी चाळीस वर्षांनी झाली आणि तिचा उपयोग आपल्या कोकणातल्या मुलांना झाला.

प्राझोसिनच का, दुसरं का नाही, हेही ग्राहींवरूनच कळतं. अल्फा-१ आणि अल्फा-२ दोन्ही अडवणारी औषधं आहेत. ती दिली तर वाहिन्या सैल होतील, पण मघाशी सांगितलेला अल्फा-२ चा ब्रेकही निकामी होईल. मग मज्जातंतूच्या टोकांतून आणखी नॉरॲड्रेनॅलिन सुटेल आणि हृदय आणखी पळेल. प्राझोसिन अल्फा-१ तेवढं अडवतं, ब्रेक शाबूत राहतो.

मग नाडी भराभर चालतेय म्हणून बीटा अडवणारं औषध दिलं तर? वरवर पटतं, पण ते धोक्याचं आहे. प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही अडवतं. बीटा-२ अडलं की वाहिन्या सैल करणारा एकमेव मार्ग बंद, उरतो फक्त अल्फाचा आवळ. आणि बीटा-१ अडलं की त्या आवळाविरुद्ध झगडणाऱ्या हृदयाचा जोरच गेला.

प्राझोसिनचा डोस मुलाच्या वजनावर असतो, दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. आपल्या वीस किलोच्या मुलाला ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीचा निम्म्याहून थोडा जास्त भाग. पुढचा डोस काही तासांनी, रक्तदाब आणि हातपायांची ऊब बघून. हे गणित मुद्दाम दिलंय, कारण औषध किती थोडं लागतं ते कळावं. पण ही गोळी घरी किंवा शाळेत द्यायची नाही. पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम पडू शकतो, मूल उठून बसलं तर भोवळ येते. उलट्यांनी पाणी कमी झालेल्या मुलात हा धोका वाढतो. म्हणून मुलाला आडवं ठेवून, दाब मोजत, दवाखान्यातच ती देतात.

आता विषावरचा उताराही मिळतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या अभ्यासात डॉ. बावस्करांनी एका गटाला नुसतं प्राझोसिन आणि दुसऱ्याला प्राझोसिनबरोबर उतारा दिला. उतारा मिळालेल्या गटात दहा तासांत पूर्ण बरे होणारे कितीतरी जास्त निघाले. उतारा रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतो, म्हणजे दोरीवरचा हात सोडवतो. पण आधीच सुटलेल्या ॲड्रेनॅलिनला तो परत बोलावू शकत नाही. म्हणून उतारा लवकर मिळाला तर त्याचा उपयोग जास्त, आणि तो मिळाला तरी प्राझोसिनची गरज उरतेच.

मधमाशी चावली तर उलटं का?

आता दुसरं मूल घेऊ, वजन तेवढंच. त्याला मधमाशी चावली आणि त्याला तिच्या विषाची तीव्र ॲलर्जी आहे. काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ-पापण्या सुजल्या, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि मूल गळून पडलं. इथे वाहिन्या आवळलेल्या नाहीत. त्या सैल पडून त्यांतून पाणी गळतंय, रक्तदाब कोसळतोय, श्वासनळ्या आवळल्यात.

आता ग्राहींची यादी पुन्हा वाचा. अल्फा-१ वाहिन्या आवळेल, म्हणजे दाब सावरेल आणि सूज उतरेल. बीटा-१ हृदयाला जोर देईल. बीटा-२ श्वासनळ्या उघडेल आणि ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या पेशींनाही आवरेल. तिन्ही कामं एकाच पदार्थात आहेत. म्हणून या वेळी औषध म्हणजे खुद्द ॲड्रेनॅलिन. प्रमाण दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलाला ०.२ मिलिग्रॅम. दवाखान्यातल्या नेहमीच्या बाटलीत दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असतं, म्हणजे ते फक्त ०.२ मिलिलिटर भरलं.

हे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात, कातडीखाली नाही. याचंही कारण ग्राहीच. कातडीत अल्फाचं राज्य आहे. तिथे ॲड्रेनॅलिन टोचलं की ते आपल्याच आजूबाजूच्या वाहिन्या आवळतं आणि स्वतःचीच वाट अडवतं. स्नायूत बीटा-२ मुळे वाहिन्या उघड्या राहतात, म्हणून औषध लवकर रक्तात जातं.

पालकांनी आणि शिक्षकांनी काय ओळखायचं?

दोन्ही वेळा "काहीतरी चावलं" एवढंच कळतं. पण मुलाला हात लावला की फरक सापडतो. विंचवाच्या विषात घामाने भिजलेली, फिकट, गार कातडी, गार हातपाय, उलट्या. मधमाशीच्या ॲलर्जीत खाज, लाल गांधी, सुजलेले ओठ, शिट्टीचा श्वास. पहिल्यात अल्फाचा अतिरेक आहे, दुसऱ्यात अल्फाचा आधार हवा आहे. लाल विंचवाच्या रुग्णाला सवयीने ॲड्रेनॅलिन देणं म्हणजे आगीत तेल ओतणं. म्हणून दवाखान्यात गेल्यावर "किडा चावला" असं मोघम सांगू नये. कुठला प्राणी दिसला, किती वाजता चावला, पहिली उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, हे कागदावर लिहून न्यावं. या वेळांवरून डॉक्टरांना कुठला टप्पा चालू आहे ते कळतं.

विंचू चावल्यावर वर दोरी आवळून बांधणं, जखम कापणं, मंत्र घालणारा शोधणं यात जो अर्धा-पाऊण तास जातो, त्याच वेळात हृदयावरचा भार वाढत असतो. मुलाला चालवत नेऊ नका, उचलून किंवा गाडीत आडवं घालून न्या. श्वास लागला असेल तर मात्र पाठीला आधार देऊन बसतं ठेवा. लक्षणं नसली तरी लहान मुलाला दवाखान्यात दाखवून देखरेखीखाली ठेवलेलं बरं, कारण लक्षणं उशिराही सुरू होतात.

वर्गात कसं घ्यावं?

पाचवी ते सातवीसाठी एक सोपा खेळ होतो. पाच मुलांच्या गळ्यात पाट्या अडकवा : कातडीची वाहिनी, हृदय, स्नायूची वाहिनी, श्वासनळी, यकृत. प्रत्येकाच्या पाटीमागे ग्राहीचं नाव आणि काम लिहा. यकृताच्या पाटीमागे फक्त "साखर सोड" एवढं पुरे. तुम्ही "ॲड्रेनॅलिन" म्हणालात की कातडी मुठी आवळते, हृदय जागेवर उड्या मारतं, स्नायू आणि श्वासनळी हात पसरतात, यकृत खडूचे तुकडे वाटतं. मग "नॉरॲड्रेनॅलिन" म्हणा. आता स्नायू आणि श्वासनळी जवळजवळ गप्प राहिले पाहिजेत. शेवटी एक मूल प्राझोसिन होऊन कातडीच्या दोन्ही मुठी आपल्या हातांनी अलगद उघडून धरेल. तुम्ही कितीही ओरडलात तरी मूठ मिटणार नाही. पण हृदय उड्या मारतच राहील, कारण त्याचा ग्राही कोणी अडवलेला नाही. इथे थांबून मुलांना विचारा, "हृदय अजून का उडतंय?" ज्या मुलाने पाटीमागचं बीटा-१ वाचून उत्तर दिलं, त्याला पाठ समजला.

नाडी मोजण्याचा प्रयोग घेणार असाल तर एक काळजी घ्या. मिनिटभर उड्या मारल्यावर नाडी वाढते ती सगळी ॲड्रेनॅलिनमुळे, असं सांगू नका. पहिल्या काही सेकंदांत हृदयाला हळू ठेवणाऱ्या मज्जातंतूचा लगाम सुटतो, मग अनुकंपी मज्जातंतू जोर लावतात आणि गाभ्यातलं ॲड्रेनॅलिन मागाहून भर घालतं. परीक्षेच्या आधी गार पडलेले हात मात्र मुलांना एकमेकांचे धरून बघू द्या. तो अल्फा-१ आहे, आणि विंचवाच्या रात्री आपण तोच तपासणार आहोत.